मदत हवी आहे: काकांना पटकी झालीय, ओआरएस पाजलं की जुलाब वाढतात, मग पाजायचं की थांबवायचं?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, काका सध्या बेळगावात ॲडमिट आहेत. परवा दुपारी जुलाब सुरू झाले, आधी साधे वाटले, मग नुसतं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, वास नाही, पोटात कळ पण नाही, आणि संध्याकाळपर्यंत माणूस ओळखू येईना, डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. गावातल्या डॉक्टरनी ग्लुकोजची एक सलाईन लावली, जुलाब बंद व्हायची गोळी दिली आणि झोपू द्या म्हणाले. बेळगावात आणलं तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. तिथं दोन्ही हातांना सुया घालून तीन तासांत अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या सोडल्या! काकांचं वजन ५० किलो. नातेवाईक म्हणतात एवढं पाणी एकदम, फुफ्फुसात भरलं तर? पण पहिल्या अर्ध्या तासातच काका बोलायला लागले हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता डॉक्टर म्हणतात जेवढं बादलीत पडतंय तेवढं ओआरएस प्यायला द्या. काकू म्हणते प्यायलं की लगेच जातात, सगळं वायाच जातंय, बंद करूया. कुणाचं ऐकू? आणि या जंतूचं विष म्हणतात ते नेमकं करतं काय? राउंडला विचारायला कुणाला वेळच नसतो.

निपाणीचा_पाटील
पटकीचं विष आतड्याचं आतलं अस्तर जाळून टाकतं, म्हणून पोटात काही मुरतच नाही. काकू बरोबर बोलतात. पोटाला आराम द्या, तोंडानं काही नको, बरं होईपर्यंत सलाईनच चालू ठेवायला सांगा.

वॉर्डातली_आक्का
पाटील, विषाचा हल्ला आतड्यावर होतो हे बरोबर, पण अस्तर जळत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. जंतू आतड्याच्या आत शिरतही नाही, पृष्ठभागाला चिकटून विष सोडतो. त्या विषाचे पाच भाग मिळून पेशीच्या सालीवरच्या एका चरबीला धरतात, आणि सहावा तुकडा आत जातो. आत एक स्विच असतो, एरवी तो चालू होतो आणि आपोआप बंद होतो. हा तुकडा त्याला असं काही चिकटवून ठेवतो की तो बंदच होत नाही. मग पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढत जातो, क्लोराइडची दारं उघडीच राहतात, क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्या मागं सोडियम आणि त्यांच्या मागं पाणी. तोटी मोडलेल्या नळासारखं. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर सुद्धा जाऊ शकतं. पण पेशी जिवंत असते! म्हणूनच कळ नाही, रक्त नाही.

आणि तिच्यात दुसरं एक दार शाबूत राहतं, साखर आणि सोडियम बरोबर आत ओढणारं. त्या दाराला विषाचा धक्का लागत नाही. नुसतं मीठपाणी दिलं तर ते नीट आत जात नाही, योग्य मापात साखर असली की साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आत जातं. ओआरएसची सगळी करामत एवढीच.

मलप्रभाकाठ, काकूंना सांगा की ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच. नळ वाहतच राहणार, कारण स्विच अडकलेल्या पेशी गळून नव्या येईपर्यंत तीन-चार दिवस जातात. एका बाजूनं जातंय तेवढं दुसऱ्या बाजूनं आत घालायचं. बादली भरतेय म्हणजे औषध फसलं असं नाही. मनगटाची नाडी बघा, लघवी होतेय का बघा, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का बघा. हे ठीक तर पाजत राहा, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत.

मलप्रभाकाठ
आक्का, खूप आभार, आत्ताच काकूला वाचून दाखवलं. कातडीची चिमटी परवा तशीच उभी राहिली होती, काल लगेच बसली. पण ती दहा बाटल्यांची घाई एवढी का? हळूहळू दिली असती तर?

वॉर्डातली_आक्का
हिशोब मांडते. ५० किलोच्या माणसात रक्तातलं आणि पेशींच्या भोवतीचं मिळून साधारण १० लिटर पाणी असतं. पटकीत जातं ते याच साठ्यातलं. वजनाच्या दहा टक्के गेलं म्हणजे ५ लिटर, निम्मा साठा संपला. मग रक्त पुरत नाही, नाडी जाते, मूत्रपिंडं बंद पडतात. हळू दिलं तर बाटलीतून येतंय त्याच्यापेक्षा खाली जातंय जास्त, खड्डा भरणारच नाही. म्हणून अशा पेशंटला किलोला १०० मिली, म्हणजे काकांना ५ लिटर, तीन तासांत. त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात, बाकी साडेतीन लिटर पुढच्या अडीच तासांत. नाडी अजून लागत नसेल तर पहिला दीड लिटरचा हप्ता परत. तुमच्याकडं दहा बाटल्या झाल्या, अगदी मापात.

फुफ्फुसाची भीती खोटी नाही. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना, म्हाताऱ्यांना जास्त बारीक बघत देतात, आणि एक वर्षाखालच्या बाळाला तेच माप सहा तासांत. पण नाडी नसताना घाबरून हळू देणं हेच जास्त घातकी. आणि सलाईन कोणती हे महत्त्वाचं, रिंगर लॅक्टेट लागतं. गावात ग्लुकोजची लावली म्हणता, तिच्यात मीठच नाही, गेलेलं सोडियम-पोटॅशियम त्यानं भरून येत नाही. जुलाब बांधायची गोळी पण पटकीत देत नाहीत.

चिक्कोडीची_सुनंदा
आमच्या आईला शुगर आहे ओ, तिलापण गेल्या महिन्यात जुलाब झाले, मेडिकलवाल्यानी ओआरएस म्हणून फळाच्या चवीचा खोका दिला, तो प्यायली तर जास्तच झाले. मग शुगरवाल्यांनी ओआरएस पिऊ नये का?

वॉर्डातली_आक्का
सुनंदा, तुझा प्रश्न वेगळा आहे, पण खोक्याचं सांगते. ओआरएसच्या पुडीत एक लिटरला साधारण साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. गोड पेयात साखर त्याच्या कितीतरी पट आणि मीठ कमी, अशी जास्तीची साखर उलट आतड्यात पाणी खेचून आणते. आईला एक लिटरची पुडी मोजून एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये कालवायची नाही. शुगर असली तरी जुलाबात पाणी भरणं आधी, पण शुगर तपासत राहा आणि तिच्या डॉक्टरना विचार.

घाटाखालचा
पाटलांसाठी एक गोष्ट. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मापात मिसळून ड्रममध्ये द्रावण केलं आणि पाजायचं काम नातेवाइकांकडंच सोपवलं. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आले. तिथं पाजणारी काकूंसारखी घरचीच माणसं होती. आणि जंतू गाळून काढले तरी उरलेल्या पाण्यातलं विष काम करतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं होतं.

निपाणीचा_पाटील
बरं आक्का, अस्तराचं मान्य. पण आमच्या आज्जी मीठ घातलेली भाताची पेज द्यायच्या, ती चालते की नाही ते सांगा.

वॉर्डातली_आक्का
चालते, सोबत म्हणून. तांदळाच्या पिठाचं ओआरएस असतं, आणि पटकीत त्यानं जुलाबाचं प्रमाण थोडं कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, कारण पिष्टाची साखर हळू सुटते. पण घरच्या पेजेत मीठ किती हे कुणी मोजत नाही, म्हणून पुडी मिळत असताना पेजेवर विसंबू नका.

मलप्रभाकाठ
आता लघवी झाली त्यांना, सकाळपासून पहिल्यांदा. एक सांगा, जत्रेत आम्ही सगळे एकाच पंगतीला जेवलो, पाणी पण तेच, मग काकांनाच का? ते ॲसिडिटीची गोळी रोज घेतात, त्याचा संबंध असेल?

वॉर्डातली_आक्का
असू शकतो. पोटातल्या आम्लात बरेचसे जंतू मरतात, ते कमी असलं की थोड्या जंतूंनीही आजार होतो. ओ रक्तगट असलेल्यांना जास्त जोरात होते असंही दिसलंय. पण तुमच्या काकांच्या बाबतीत कारण हेच, असं इथून कुणी सांगू शकत नाही. एकाच पाण्यानं कित्येकांना काहीच होत नाही, पण त्यांच्या शौचातून जंतू जात राहतात, म्हणून बादली ब्लीचिंग घालूनच ओता आणि काकूंना दर वेळी साबणानं हात धुवायला लावा. विहिरीचं पाणी तपासायला नेलंय का कुणी?

मलप्रभाकाठ
आशाताईंना सांगितलंय, त्यांनी नमुना नेला, रिपोर्ट यायचाय.