मदत हवी आहे : चार महिन्यांसाठी घरचे वृत्तपत्र बंद ठेवण्याचा अर्ज

लोकमान्यनगरकर
नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. १२ नोव्हेंबरला आम्ही दोघे मुलीकडे जात असून मार्चच्या मध्यापर्यंत घराला कुलूप राहील. आमच्याकडे एकाच एजन्सीमार्फत दोन वृत्तपत्रे येतात. हिंदी दैनिकाची वार्षिक योजना आहे आणि तिचे कुपन दरमहा हॉकरला द्यायचे असते. इंग्रजी दैनिकाचे मात्र महिन्याचे रोख बिल येते. मागे एकदा तोंडी सांगून गावाला गेलो, तरी अंक पडत राहिले आणि बिलही पूर्ण महिन्याचे आले, म्हणून या वेळी लेखी द्यावे म्हणतो. अर्जाचा मसुदा असा आहे :

«माननीय व्यवस्थापक, आम्ही बाहेरगावी जात असून घर बंद राहणार असल्याने आमची वृत्तपत्रे १२ नोव्हेंबरपासून काही महिने बंद ठेवावीत ही विनंती.»

एजन्सीला हाच मजकूर हिंदीत करून देईन. यात काय राहिले आहे?

रामबागचा वाचक
अर्जाबिर्जाची गरज नाही. अंक दारात टाकतो हॉकर, तेव्हा त्याच्या मोबाइलवर आदल्या दिवशी निरोप टाकावा, म्हणजे काम झाले. एजन्सीत बसलेल्याला तुमचे घर कुठे ठाऊक असते?

जुना वितरक
मी अनेक वर्षे वितरणाच्या कामात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हॉकरला सांगायलाच हवे, हे वरचे म्हणणे खरे आहे. पण तेवढ्याने भागत नाही. उद्या किती प्रती लागतील याचा आकडा आदल्या दिवशीच वर कळवलेला असतो, आणि उरलेल्या प्रती सहसा परत घेतल्या जात नाहीत. आकडा कमी झाला नाही तर तुमच्या नावाची प्रत पहाटे हॉकरच्या गठ्ठ्यात येतेच, आणि पैसे त्याच्या अंगावर पडू नयेत म्हणून तो ती तुमच्याच दारात टाकतो. शिवाय तो मध्येच सुटीवर गेला की बदली मुलगा यादी पाहून लाइन फिरतो. तोंडी सांगितलेले त्या यादीत नसते, आणि मागच्या वेळी तुमच्याकडे बहुधा हेच झाले असावे. तेव्हा अर्ज एजन्सीत तीन-चार दिवस आधी द्यावा आणि हॉकरला वेगळे सांगावे.

आता मसुद्याबद्दल. ‘१२ पासून बंद’ याचा अर्थ कोणी बाराचा अंक धरून लावतो, कोणी सोडून. म्हणून शेवटचा अंक कोणत्या तारखेचा, तेच लिहावे. सुरू करण्याची तारीख मात्र मुळीच देऊ नये. तुमचे परतणे आठ दिवस लांबले तरी अंक ठरल्या दिवशी सुरू होतील आणि बंद दाराशी साठतील, आणि घरात कोणी नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळेल. त्याच कारणाने घर बंद राहणार हे अर्जात लिहिण्याचे काही कारण नाही. तो कागद चार जणांच्या हातांतून जातो. मी असा लिहिला असता :

«आमच्या पत्त्यावर येणाऱ्या दोन्ही दैनिकांचा (येथे दोन्हींची नावे) ११ नोव्हेंबरचा अंक शेवटचा समजावा. त्यानंतर आम्ही स्वतः फोनने किंवा लेखी कळवेपर्यंत वितरण सुरू करू नये. इंग्रजी दैनिकाचे १ ते ११ नोव्हेंबरपर्यंतचे बिल काढून द्यावे. ते आम्ही लगेच चुकते करू.»

खाली नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि हॉकरचे नाव असावे. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर ‘मिळाला’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी. पुढे बिलावरून वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

बडोदेकर
आमच्याकडे वडोदऱ्याला पेपर बंद केला होता, तरी दारात एक वेगळाच पेपर पडत असे. चौकशी केल्यावर कळले की तो नव्या ग्राहकांसाठी फुकट वाटलेला अंक होता! तुम्ही ई-पेपर का घेत नाही? मुलीकडेही वाचता येईल.

लोकमान्यनगरकर
बडोदेकर, वाचायचे कुठे हा प्रश्न नाही, दारात पडू नये एवढाच आहे. पण फुकट अंकांचे माझ्या ध्यानातही नव्हते. आठवड्यातून एकदा फाटकापाशी नजर टाकायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवतो.

वितरकसाहेब, मनापासून आभार. एक शंका उरते : योजनेचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. मग बंद काळातल्या कुपनांचे काय करावे?

जुना वितरक
ती कुपने हॉकरला मुळीच देऊ नयेत, कारण कुपन त्याच्या हाती गेले म्हणजे त्या महिन्याचे अंक तुम्हाला पोचले असा हिशेब होतो. जपून ठेवावीत. योजनेची मुदत तेवढी पुढे सरकेल की नाही, हे प्रत्येक योजनेच्या अटींवर असते. पैसे भरल्याच्या पावतीच्या मागे पाहावे. तिथे काही नसेल तर वृत्तपत्राच्या वितरण विभागाला वेगळे पत्र द्यावे लागेल, कारण ते एजन्सीच्या हातात नसते.

रामबागचा वाचक
माझ्या मेहुण्यांना मुदत वाढवून मिळाली होती.

जुना वितरक
मिळाली असेल. माझ्या पाहण्यात नाकारलेलीही आहे, म्हणून जाण्याआधीच विचारावे.

लोकमान्यनगरकर
पावतीच्या मागची अक्षरे इतकी पुसट आहेत की भिंग घेऊनही अर्धीच लागली. उद्या वितरण विभागात जाऊन विचारतो आणि काय सांगतात ते इथे लिहितो.