‘ग्रेसफुल शटडाउन’ला काय म्हणावं? आणि ‘प्रलंबित’ म्हणजे नक्की कुठलं काम?

टंकयंत्री
रात्रपाळीसाठीच्या सूचना मी मराठीत लिहिल्या. त्यातलं एक वाक्य असं: ‘वर्कर डौलदारपणे बंद करावा, प्रलंबित कामे पूर्ण होऊ द्यावीत किंवा रांगेत परत ठेवावीत.’ ‘डौलदार’वर सगळे पोट धरून हसले, ते ठीक. खरा घोळ ‘प्रलंबित’ने केला. आमच्याकडे रांगेतली कामं उरकायला साइडकिक आहे. रात्री नवी आवृत्ती चढवायची म्हणून सहकाऱ्याने वर्करला `TSTP` पाठवला, म्हणजे नवीन काम उचलू नकोस असं सांगितलं, आणि ‘प्रलंबित कामे’ संपायची वाट बघत बसला. नजर रांगेच्या आकड्यावर. तो आकडा कमी होईना, उलट वाढत गेला. दीड तासाने वैतागून त्याने `kill -9` मारला. सकाळी मला विचारतो, प्रलंबित म्हणजे रांगेतलीच ना?
तर दोन्ही शब्द सुचवा.

खोडरबर
डौलदारपणे बंद! वर्कर मान तिरकी करून निघाला असेल.
‘आवरतं घेणे’ हा आपला रोजचा शब्द आहे की. दुकान आवरतं घेतात तेव्हा नवीन गिऱ्हाईक आत घेत नाहीत, पण आत असलेल्याला माल देऊनच पाठवतात. नेमकं हेच हवंय ना?

मूळाक्षर
आवरणे हे ‘आ + वृ’वरून. मूळ अर्थ झाकणे, रोखणे. म्हणजे कामाला आवर घालणे. इथे तर काम पुरं होऊ द्यायचं आहे, त्यामुळे अर्थ उलटा होतो. मी ‘सुविहित समापन’ म्हणेन. आणि वर्करला ‘कार्यक’. भाषा आपण वापरली नाही तर कोण वापरणार?

खोडरबर
रात्री दोन वाजता ‘कार्यकाचे सुविहित समापन करावे’ असं वाचलं तर मीही `kill -9` मारेन.

मूळाक्षर
‘प्रलंबित’बद्दल मात्र तक्रार समजली नाही. जे पुरं झालेलं नाही ते सगळं प्रलंबित. सुनावणी चालू असलेला खटलाही प्रलंबितच असतो. ‘लंब’ म्हणजे लोंबणारं. इंग्रजी ‘पेंडिंग’च्या मुळाशीही लॅटिनमधलं लटकणंच आहे. शब्द तंतोतंत जुळतो.

निशाचर
जुळतो, आणि तिथेच पंचाईत आहे. सुनावणी सुरू झालेला आणि न झालेला खटला दोन्ही एकाच शब्दात बसतात. वर्कर बंद करताना नेमका हाच फरक लागतो. रांगेत पडून असलेल्या कामाशी बंद होणाऱ्या वर्करचा संबंधच नसतो, ते उद्या दुसरा कुणी उचलेल. प्रश्न फक्त त्याने उचललेल्या, पण अजून पुरं न केलेल्या कामांचा. मी त्यांना ‘हातातली कामं’ म्हणतो. रांगेतली ती ‘पडून असलेली’.
तुमच्या सहकाऱ्याने ‘Enqueued’चा आकडा बघितला, बघायला हवा होता ‘Busy’चा. वर्कर नवीन काम घेतच नाही म्हटल्यावर रांग आटणार कशी?

टंकयंत्री
अगदी तेच. नंतर नोंदी पाहिल्या तर ‘Busy’ सव्वा तासापूर्वीच शून्य झाला होता. म्हणून `kill -9`ने काही बिघडलं नाही.

कृपांक
ग्रेस म्हणजे कृपा, सोपं आहे. परीक्षेत ग्रेसचे गुण मिळतात तसं. विम्याच्या हप्त्याला ‘सवलतीची मुदत’ असते. म्हणून ‘सवलतीने बंद करणे’. माझा एक हप्ता त्या मुदतीत एकदा राहून गेला होता, तर पॉलिसीच...

खोडरबर
इथे पॉलिसी नाही हो, प्रोसेस बंद करायची आहे.

निशाचर
थांबा, कृपांक चुकीच्या दारातून बरोबर खोलीत आलेत. कुबरनेटीसमधली `terminationGracePeriodSeconds` ही सवलतीची मुदतच आहे. आपण होऊन काही ठरवलं नाही तर 30 सेकंद. आधी `SIGTERM` येतो, मुदत संपली की `SIGKILL`, आणि तो कुणालाच अडवता येत नाही. पण ही मुदत बाहेरचा देतो. वर्कर मुदतीत काय करतो, ते त्याचं त्याचं.

आता मला खरा खटकलेला शब्द: ‘रांगेत परत ठेवावीत’. कोण ठेवणार? रॅबिटएमक्यूत वर्करचं कनेक्शन तुटलं की पोच न दिलेली कामं ब्रोकर स्वतःच पुन्हा रांगेत घेतो. तिथे कामं ‘परत जातात’. एसक्यूएसमध्ये तर काम रांगेतून जातच नाही, नुसतं झाकलेलं असतं. ठरलेली मुदत संपली की ‘पुन्हा दिसू लागतं’. पण मोफत साइडकिकमध्ये उचललेलं काम रेडिसच्या यादीतून निघून गेलेलं असतं. `TERM` आल्यावर तो 25 सेकंद थांबतो, तेवढ्यात न उरकलेलं काम थांबवून स्वतःच्या हाताने यादीत ‘परत ठेवतो’. हात चालू असेल तरच ठेवणार! हातात काम असताना `kill -9` मारला की ते गेलंच. क्रियापद कुठलं आहे त्यावर काम वाचतं की नाही ते ठरतं.

मूळाक्षर
वा! म्हणजे सकर्मक असेल तर धोका, अकर्मक असेल तर निर्धास्त. व्याकरणाचा असा उपयोग पहिल्यांदाच पाहिला.

निशाचर
निर्धास्त इतकंही नाही. पोच आधीच देऊन टाकली असेल तर ब्रोकरकडे परत जायला काही उरत नाही. सेलरी मुळात काम सुरू होण्याच्या आधीच पोच देतं, ते `acks_late` लावून बदलावं लागतं.

नवशिका
माझा अनुभव सांगतो. आमचं एक काम साधारण 40 सेकंदांचं आहे, अहवाल बनवून तो ईमेलने पाठवायचा. नवी आवृत्ती चढवली की ते ‘परत ठेवलं’ जातं, हे ठीक. पण एकदा त्याच ग्राहकाला दोन ईमेल गेले. मला वाटायचं परत ठेवलेलं काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

निशाचर
नाही, पहिल्यापासून. ईमेल जाऊन गेला, मग 25 सेकंद संपले, काम परत ठेवलं, दुसऱ्याने उचललं, पुन्हा ईमेल. म्हणून ‘परत ठेवणे’पेक्षा ‘नव्याने लावणे’ जास्त खरं. तुमच्यासाठी मुदत वाढवा, पण दोन्हीकडची, आणि आतली बाहेरचीपेक्षा कमी:

```
sidekiq -t 50
terminationGracePeriodSeconds: 60
```

नुसता `-t` वाढवला तर तिसाव्या सेकंदाला बाहेरून मार बसेल, आणि परत ठेवायलाही वेळ मिळणार नाही. तरी काम मध्ये कधीतरी तुटणारच, तेव्हा ‘हा ईमेल गेला का’ याची नोंद पाठवण्याआधी तपासावी लागेल.

नवशिका
आणि पाठवल्यानंतर, पण नोंद करण्याआधीच तुटलं तर?

निशाचर
तर दोनदा जाईल. ती फट पूर्ण बुजत नाही. दोनदा गेलेला चालेल की न गेलेला, एवढंच आपण ठरवायचं.

खोडरबर
एक शंका. आमचे पॉड दर वेळी बरोबर तिसाव्या सेकंदाला मरतात, हातात काही नसलं तरी. कोड 137. आवरतं घेताहेत की नुसतेच बसलेत?

निशाचर
बसलेत. 137 म्हणजे 128 अधिक 9, `SIGKILL` खाल्लेला. बहुधा कंटेनरमध्ये पहिली प्रोसेस शेल आहे आणि ती `TERM` पुढे देतच नाही. सुरू करायच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत `exec` आहे का बघा.

टंकयंत्री
तूर्तास असं लिहिलं: ‘वर्करला आवरतं घ्यायला सांगा. `Busy` शून्य होईपर्यंत थांबा, रांगेचा आकडा बघू नका. मग `TERM` द्या. तेवढं थांबता आलं नाही आणि हातातलं काम 50 सेकंदांत उरकलं नाही, तर वर्कर ते रांगेत परत ठेवेल आणि ते पहिल्यापासून सुरू होईल. `kill -9` नको.’

मूळाक्षर
‘वर्करला आवरतं घ्यायला’ हे मला अजूनही पटत नाही. आणि ‘वर्कर’चं अनेकवचन काय करणार? वर्कर की वर्कर्स?

खोडरबर
सेलरीवाले तर ‘वॉर्म शटडाउन’ म्हणतात. कोमट बंद.

कृपांक
ती पॉलिसी नंतर चालू झाली बरं का, दंड भरून.