‘वळण’ की ‘कलाटणी’? पाच मिनिटांच्या ॲनिमेशनपटातला एक शब्द

महालकर

पाच मिनिटांच्या ॲनिमेशनपटाचा आराखडा मराठीत लिहितेय आणि ‘टर्निंग पॉइंट’ला शब्द ठरत नाहीये. ‘वळण’ लिहू, ‘कलाटणी’ लिहू की ‘निर्णायक क्षण’? ‘ॲक्ट’साठी ‘अंक’ धरलाय.

संदर्भ कळावा म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. तान्ह्या पोळ्याचा दिवस. चिंगी नावाची नऊ वर्षांची मुलगी. तिच्याकडे आजोबांनी कोरलेला वीतभर उंचीचा लाकडी नंदी आहे. गल्लीतल्या बाकीच्या पोरांचे नंदी मोठे, काही तर तिच्या खांद्याला लागणारे. म्हणून ती आपल्या नंदीला पुठ्ठा आणि चमकी कागद लावून उंच करत जाते. पाऊस येतो, पुठ्ठा भिजून गळतो आणि ती मूळचा लहान नंदी घेऊनच रांगेत उभी राहते. एकूण ३०० सेकंद. नाव ८ आणि श्रेयनामावली २२ सेकंद काढली की गोष्टीला २७० उरतात. पहिला अंक ११०, दुसरा १००, तिसरा ६०. पाऊस २१०व्या सेकंदाला येतो, तेच वळण.

पेन्सिल दोन बी

वळणं पाच ठेवा: समोरून, पाऊण समोरून, बाजूने, पाऊण मागून आणि मागून. चिंगीची वेणी एकाच खांद्यावर असेल तर दुसऱ्या बाजूचंही चित्र लागेल, नुसतं उलटं करून चालणार नाही. नंदीला चाकं आहेत, त्यामुळे त्याचं खालून दिसणारं एक चित्रही करून ठेवा.

महालकर

दादा, ते पात्राचं टर्नअराउंड झालं. मी गोष्टीच्या वळणाबद्दल विचारतेय.

पेन्सिल दोन बी

अच्छा, मी पात्राचं समजलो. पण मग हा शब्द कागदावर नकोच. भिंतीवर स्टोरीबोर्ड लावून चौकटीखाली ‘वळण’ लिहिलं की रेखाटणारा माणूस मान वळवायची की काय असंच विचारणार. आमच्या कामात अक्षराचं वळण, रेषेचं वळण, पात्राचं वळण असं तीन ठिकाणी ते आधीच वापरात आहे.

सीताबर्डीकर

दोन्ही शब्द ठेवावेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. क्रियापदं बघा. गोष्ट वळण *घेते*. रस्ता वळण घेतो, नदी वळण घेते. कोणी काही केलं नाही तरी वळण येतं. कलाटणी मात्र *दिली* जाते किंवा *मिळते*. ‘दिली’ म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी दिली? ‘मिळाली’ म्हटलं की तो कर्ता लपतो.

आराखड्यात म्हणूनच ‘कथेला कलाटणी मिळते’ असं कधी लिहू नये. ‘अमक्याने अमुक करून कलाटणी दिली’ असं वाक्य लिहावं आणि कर्त्याच्या जागी मुख्य पात्र बसतं का ते बघावं. ताई, तुमच्या आराखड्यात ते वाक्य ‘पावसाने पुठ्ठा भिजवून कलाटणी दिली’ असं होतं. एकच मुख्य पात्र असलेल्या छोट्या चित्रपटात हा दोष फार महागात पडतो. दुसरं कोणी नसतं, त्यामुळे गोष्ट वळवायला पाऊस, वारा, कुत्रा असलं काहीतरी हाताशी येतं. पावसाने सगळा पुठ्ठा गळून पडला तर चिंगीपुढे लहान नंदीशिवाय दुसरं काही उरतच नाही. तिने काही ठरवलं असं बघणाऱ्याला वाटणार नाही, तिच्यावर तशी वेळ आली एवढंच वाटेल.

उपाय छोटा आहे. पाऊस अर्धवट पडू द्या. नंदीची डावी बाजू भिजून लोंबू दे, उजवी बाजू शाबूत राहू दे. शेजारच्या ओट्यावर नवा कोरा पुठ्ठाही दिसू दे. म्हणजे तिला डागडुजी करता येण्यासारखी आहे. ती पुठ्ठा उचलते, थांबते, खाली ठेवते. मग *शाबूत असलेली उजवी बाजू* स्वतःच्या हाताने सोलून काढते. पाऊस हे वळण, आणि चांगला पुठ्ठा स्वतः काढणं ही कलाटणी.

मध्यंतर

अंकांची मापं मुळात चुकली आहेत असं माझं मत. टर्निंग पॉइंट बरोबर मधोमध हवा, म्हणजे २७०च्या निम्म्यावर, १३५व्या सेकंदाला. आपल्याकडे मध्यंतराची सवय आहे, प्रेक्षक निम्म्यावर धक्का धरूनच बसतो.

सीताबर्डीकर

मधोमध काहीतरी घडायलाच हवं, हे तुमचं खरं आहे. ते नसलं तर दुसऱ्या अंकातले सगळे प्रयत्न एकाच उंचीचे वाटतात. पण तिथे कलाटणी ठेवली तर पुढे सव्वादोन मिनिटं नुसता परिणाम दाखवत बसावं लागतं. तो कंटाळवाणा होतो, नाहीतर नवी अडचण आणावी लागते आणि तिच्यासाठी जागा नसते.

मी मापं अशी करेन: पहिला अंक ६०, दुसरा १४०, तिसरा ७०. पहिल्यातले ११० सेकंद कुठे गेले ते ताईंच्या लिहिण्यातूनच दिसतं. गल्ली, सण, आजोबा, बाकीची पोरं या सगळ्यांची ओळख करून दिली आहे. नागपुरात तान्हा पोळा समजावून सांगावा लागत नाही, आणि बाहेरच्याला लाकडी नंदी ओढणारी दोन पोरं दिसली तरी पुरे. ६०व्या सेकंदाला खांद्याएवढा नंदी तिच्या शेजारून घरंगळत जातो, ती आपल्या वीतभर नंदीकडे बघते आणि पुठ्ठा ओढते. पहिला अंक तिथेच संपतो.

दुसऱ्यात तीन प्रयत्न. पहिला ३० सेकंदांचा, पुठ्ठा तिरका बसतो आणि पडतो. दुसरा ४० सेकंदांचा आणि जमतो. १३०व्या सेकंदाच्या आसपास पोरं माना वळवून बघतात. तुम्हाला मधोमध जे हवंय ते हेच, तिची इच्छा पुरी झाल्यासारखी वाटते. तिसरा ५० सेकंदांचा. आता गरज नसताना ती आणखी उंची चढवते आणि चाकं वाकायला लागतात. मग २० सेकंद पाऊस. २००व्या सेकंदाला कलाटणी.

झाडीबोली

‘अंक’ या शब्दाला माझी हरकत आहे. वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. तिथे अंक संपला की पडदा पडतो, माणसं उठून चहा पिऊन येतात. ६० सेकंदांना अंक म्हणणं कानाला खटकतं. ‘टप्पा’ म्हणा. गावाकडच्या माणसालाही तो लगेच कळतो.

सीताबर्डीकर

लांबी हे अंकाचं माप नाही असं मला वाटतं. एक प्रश्न उघडून तो बदलला की अंक झाला. ‘मला मोठा नंदी हवा’ हा प्रश्न ६० सेकंदांतही उघडतो.

झाडीबोली

मग नाट्यशास्त्र घ्या. एका अंकात एका दिवसाचंच कार्य असावं असा तिथला नियम आहे. चिंगीची गोष्ट सकाळी सुरू होऊन त्याच दिवशी संपते. त्या हिशोबाने हा आख्खा चित्रपट एकच अंक झाला!

सीताबर्डीकर

हा मुद्दा मला खोडता येत नाही. ‘टप्पा’त मला एवढंच खटकतं की टप्पे एकापुढे एक येतात, आधीचा टप्पा पुढच्याला भाग पाडतोच असं नाही. अंकात ती सक्ती ऐकू येते.

नाट्यशास्त्राचा विषय निघालाच आहे तर तिथला ‘बीज’ हा शब्द जरूर उचला. कलाटणीच्या क्षणी चिंगीने पुठ्ठा का काढला, हे संवादाविना कळायचं असेल तर पहिल्या अंकात बीज पडलेलं असावं लागतं. समजा नंदीच्या मानेखाली आजोबांच्या पटाशीचा एक खळगा राहून गेलाय. विसाव्या सेकंदाला तिचा अंगठा सहज त्यात जाऊन बसतो. जवळचं दृश्य, तीन सेकंद, बास. दुसऱ्या अंकात चमकी कागदाने तो खळगा झाकला जातो. एकदा तिचा अंगठा तिथे जातो आणि कागदावरून घसरतो. २००व्या सेकंदाला भिजलेला कागद दबतो आणि अंगठा पुन्हा खळग्यात बसतो. त्यानंतर ती उजवी बाजू सोलते. खळगा पहिल्यांदा इथेच दाखवला तर तो योगायोग वाटेल.

पेन्सिल दोन बी

हे दृश्य किती सेकंदांचं धरताय? २४ फ्रेमच्या हिशोबात, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. पुठ्ठा उचलणं, थांबणं, ठेवणं, सोलणं मिळून सहज १४ सेकंद होतात. १६८ चित्रं.

सीताबर्डीकर

चौदा ठीक आहेत, पण त्यातलं ‘थांबणं’ सहा सेकंदांचं ठेवा. तिथे चित्रं फार लागत नाहीत. एक धरून ठेवलेलं चित्र, पापणीची एक उघडझाप आणि अंगठ्याची हालचाल. गंमत अशी की शेवटी लांबी जास्त झाली की पहिली कात्री याच सहा सेकंदांवर चालते, कारण ‘इथे काही घडत नाही’ असं वाटतं. मग निर्णय झालेला दिसत नाही, हात नुसता पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्यावर गेलेला दिसतो. कापायचंच असेल तर पहिला प्रयत्न ३० वरून २२ सेकंदांवर आणा.

महालकर

ॲनिमॅटिक तयार आहे. मापं बदलून बघते. पण कलाटणी जमली की नाही, हे रेखाटायच्या आधी कसं ओळखायचं?

सीताबर्डीकर

आवाज बंद करून गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा आणि ‘शेवटी शेवटी काय झालं?’ एवढंच विचारा. वाक्याचा कर्ता ऐका. ‘पाऊस आला न् सगळं वाहून गेलं’ असं म्हणाले तर अजून वळणच आहे. ‘तिने राहिलेलं पण काढून टाकलं’ असं म्हणाले तर कलाटणी पोचली. ‘आवडलं का’ हे विचारू नका, लोक हो म्हणतात. आणि ॲनिमॅटिकमध्ये आधीच संगीत टाकलं असेल तर ते काढाच. हळवी बासरी लावली की न घेतलेला निर्णयही घेतल्यासारखा वाटतो.

मध्यंतर

आणि ‘उत्कर्षबिंदू’ कुठे? तो म्हणजेच कलाटणी ना?

सीताबर्डीकर

नाही. कलाटणीत ती ठरवते, उत्कर्षबिंदूत त्या ठरवण्याची कसोटी लागते. म्हणजे तिसऱ्या अंकात मोठ्या नंद्यांच्या रांगेत ती वीतभर नंदी घेऊन उभी राहते तेव्हा. साधारण २४०वा सेकंद.

झाडीबोली

तिथे तिला बोजारा मिळतो का? तान्ह्या पोळ्याला पोरगं दारात आलं की बोजारा देतातच. तो हातात पडलेला नाही दाखवला तर आमच्याकडचा माणूस म्हणणार, पोरगी रिकाम्या हाताने घरी गेली.

सीताबर्डीकर

माझ्या मते देऊ नये. दिला तर लहान नंदी आणल्याचं ते बक्षीस वाटेल आणि २००व्या सेकंदाला तिने जे केलं ते हिशोबाने केल्यासारखं दिसेल.

झाडीबोली

बोजारा बक्षीस नव्हे हो, तो सगळ्यांनाच मिळतो. उलट सगळ्यांइतकाच मिळाला, एक नाणंही कमी-जास्त नाही, असं दाखवा.

महालकर

हे दोन्ही शेवट काढून बघते, प्रत्येकी चार चौकटी. शब्दांचं असं ठरवलं: आराखड्यात १८०व्या सेकंदासमोर ‘वळण: पाऊस’ आणि २००व्यासमोर ‘कलाटणी: चिंगी उजवी बाजू सोलते’. भिंतीवरच्या बोर्डावर ‘वळण’ लिहिणार नाही. ‘अंक’ की ‘टप्पा’ ते अजून मोकळं ठेवते, सध्या नुसते १, २, ३ असे आकडे घालतेय.