मदत हवी आहे: प्रांटल ०.०१ ला थर्मल बाउंड्री लेअरचं उत्तर स्थिर होत नाही

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातच एम.टेक. करतोय. सपाट प्लेटवरच्या लॅमिनार प्रवाहाचं सिमिलॅरिटी सोल्यूशन कोडात बसवलंय. समीकरणं नेहमीचीच:

`f''' + (1/2) f f'' = 0`
`θ'' + (Pr/2) f θ' = 0`

`η = y √(U/νx)`, भिंतीवर θ शून्य, लांब गेल्यावर एक. पहिल्यातून f''(0) = ०.३३२ आलं. हवेला (Pr ०.७) θ'(0) ०.२९३, पाण्याला (Pr ७) ०.६४५. दोन्ही `0.332 Pr^(1/3)` शी छान जुळतात.

गोची झाली द्रव सोडियमला. १०० अंशांच्या आसपास त्याचा प्रांटल साधारण ०.०१. η ची वरची हद्द ८ ठेवली तर θ'(0) सुमारे ०.१३ येतं. सूत्र सांगतं ०.०७१५. मग हद्द १६ केली आणि उत्तर आलं ०.०७२. सूत्राशी जुळलं म्हणून मी खूश! पण गाईड म्हणाले, थरांच्या जाडीचं गुणोत्तरही काढून दाखव, आणि ते काही केल्या बसत नाही. θ चा आलेख तर जवळजवळ सरळ रेषा दिसतोय. चूक कोडात आहे की माझ्या डोक्यात?

गणपा_मेकॅनिकल
डोक्यात नाही रे, घाबरू नकोस. Pr^(1/3) हे सिमिलॅरिटीतूनच निघालेलं आहे, त्यामुळं सगळीकडे चालतं. १६ ला जुळलं म्हणजे १६ च बरोबर. गुणोत्तर म्हणून Pr^(-1/3) म्हणजे ४.६ लिही आणि मोकळा हो. आम्ही परीक्षेत हेच लिहून पास झालो.

शिरोलीकर
विषय बघून आलो. आमचं एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. क्वेंचिंग टाकीतलं तेल बदलल्यापासून प्लेटा सारख्या कडक होत नाहीत, मधे मऊ राहतात. तेलाचा प्रांटल हजारात असतो म्हणतात, म्हणजे थर्मल थर एकदम पातळ. मग गार तर पटकन व्हायला पाहिजे ना? हे सूत्र लावून कुठलं तेल घ्यावं ते सांगता येईल का कुणी?

जुना_थर्मलवाला
आधी मूळ प्रश्न. रंकाळ्याचा_वारा, तुझी सरळ रेषाच सगळं सांगतेय. θ ला एकाकडे निवांत पोचायला जागा मिळालेली नाही. तू ८ वर बळंच एक ठोकलास, म्हणून उतार जवळपास १/८ आला. भौतिकी त्यात फार थोडी, बाकी सगळी तू घातलेली भिंत.

गणपा, १६ चं जुळणं निव्वळ योगायोग आहे. हद्द वाढवत नेली की उतार खाली येत राहणार आणि वाटेत कुठंतरी ०.०७१५ ला स्पर्श करून पुढं जाणार. ज्या हद्दीला तो तिथून जातो ती नेमकी १६ च्या जवळ आहे, एवढंच. हीच १६ पाऱ्याला लावून बघा, Pr ०.०२५. उतार ०.०८६ येईल, सूत्र ०.०९७ म्हणेल. तिथं जुळत नाही.

शूटिंगचीही गरज नाही. θ चं समीकरण θ' मध्ये पहिल्या कोटीचं आहे, ते सरळ सोडवता येतं. पोलहाउझेननं १९२१ साली ब्लाझियसच्या १९०८ च्या उत्तरावर हेच केलं. f चं क्षेत्रफळ साठवत जायचं आणि त्याच्या घातांकाची बेरीज करायची:

```python
from math import exp
from scipy.integrate import solve_ivp

def slope(Pr, emax):
    def rhs(e, s):
        f, f1, f2, g, t = s
        return [f1, f2, -0.5*f*f2, f, exp(-0.5*Pr*g)]
    r = solve_ivp(rhs, [0, emax], [0, 0, 0.33206, 0, 0],
                  rtol=1e-9, atol=1e-10)
    return 1 / r.y[4, -1]
```

`slope(0.01, 60)` आणि `slope(0.01, 100)` चालव. दोन्हीकडे एकच आकडा आला तरच त्यावर विश्वास ठेव.

रंकाळ्याचा_वारा
सर, दोन्हीकडे ०.०५१६! ४० ला ०.०५१९ होतं. म्हणजे सूत्र जवळपास चाळीस टक्के जास्त सांगतंय? मग हवा-पाण्याला तेच सूत्र इतकं चोख कसं?

जुना_थर्मलवाला
उष्णता भिंतीपासून किती आत शिरते हे तिला किती वेळ मिळतो यावर ठरतं, आणि तो वेळ तिथल्या प्रवाहाच्या वेगावर. सोडियममध्ये उष्णता इतकी भरभर पसरते की तापमानाचा थर वेगाच्या थराच्या पार बाहेर जातो. बाहेर सगळीकडे वेग U च. म्हणून तिथं जाडी Pr च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते, आणि Pr अगदी लहान झाला की उतार `0.564 √Pr` कडे झुकतो.

तेलात उलटं. तापमानाचा थर भिंतीलगतच्या संथ पट्ट्यातच अडकतो, तिथं वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो. थर जितका पातळ, तितका त्यातला प्रवाह संथ, तितका उष्णतेला वेळ जास्त. म्हणजे पातळ होण्यालाच लगाम बसतो. हा लगाम हिशोबात धरला की वर्गमुळाच्या जागी घनमूळ येतं. हवा आणि पाणी या घनमुळाच्या बाजूला पडतात. Pr ०.६ च्या खाली ते वापरू नये.

जाडी ९९ टक्क्यांवर मोज. वेगाचा थर η = ४.९१ ला संपतो. सोडियमच्या आकड्याला तापमानाचा थर ३८ च्या आसपास जातो, म्हणजे गुणोत्तर साधारण ७.७. पाण्याला उलट, तापमानाचा थर वेगाच्या थराच्या जेमतेम निम्मा.

गणपा_मेकॅनिकल
मान्य, माझं चुकलं. पण मग मधल्या पट्ट्यात, Pr ०.०५ वगैरेला काय वापरायचं? वर्गमूळ की घनमूळ?

जुना_थर्मलवाला
दोन्ही नको. वरचा कोड चालवायचा. हातानंच करायचं असेल तर चर्चिल आणि ओझो यांचं १९७३ चं सूत्र आहे:

`Nu = 0.3387 Re^(1/2) Pr^(1/3) / [1 + (0.0468/Pr)^(2/3)]^(1/4)`

Pr ०.०१ ला ते ०.०५२३ देतं, दीडेक टक्क्याचा फरक.

शिरोलीकर, तुमच्या टाकीला यातलं काही लावू नका. लालबुंद प्लेट तेलात गेल्यावर आधी वाफेचं आवरण बसतं, मग उकळी येते, शेवटी साधी संवहनी थंडी. इथं चाललंय ते सगळं एकजिनसी द्रवाचं. शिवाय तेलाची चिकटता तापमानानं कित्येक पट बदलते आणि हे समीकरण ती स्थिर धरतं. आणि थर पातळ म्हणजे पटकन गार असंही नाही, तेलाची उष्णता वाहून न्यायची ताकद मुळातच कमी. मधे मऊ राहतंय तर आधी टाकीतलं ढवळणं आणि प्लेटांमधलं अंतर बघा.

शिरोलीकर
ढवळणारा पंखा दिवाळीपासून बंदच आहे हो. बघतो.

रंकाळ्याचा_वारा
सर, अजून एक. माझी प्लेट १० सेंटीमीटर, वेग ०.१ मीटर प्रतिसेकंद, सोडियमचा ν सुमारे ७×१०⁻⁷. शेवटच्या कडेला √(νx/U) ०.८४ मिलिमीटर येतो. वेगाचा थर ४ मिलिमीटर, पण तापमानाचा ३२! दहा सेंटीमीटरच्या प्लेटवर तीन सेंटीमीटरचा थर, त्याला पातळ थर म्हणायचं का? सिमिलॅरिटीचं सगळं गृहीतक तिथंच डळमळतंय.

जुना_थर्मलवाला
योग्य जागी बोट ठेवलंस. प्रवाहाच्या दिशेनं जाणारं उष्णतावहन आपण टाकून दिलेलं असतं. Re गुणिले Pr शंभराच्या बऱ्याच वर असेल तर ते खपतं. तुझं शेवटच्या कडेला १४३ येतंय, म्हणजे काठावर, आणि पुढच्या कडेकडे सरकत जाशील तसं ते आणखी बिघडत जाईल. ०.०५१६ हे समीकरणाचं बरोबर उत्तर आहे. तुझ्या प्लेटवर ते किती टक्के चुकतं हे कळायला पूर्ण द्विमितीय ऊर्जा समीकरणच सोडवावं लागेल. मी स्वतः हे या आकड्यांना केलेलं नाही.

गणपा_मेकॅनिकल
वेग दहापट कर की, प्रश्न मिटला.

रंकाळ्याचा_वारा
गाईडनी वेग ठरवून दिलाय. उद्या विचारतो, पण ७.७ बघून आधी ते Pr^(-1/3) च काढतील असं वाटतंय.