मदत हवी आहे: एसओपी दोनदा परत आलं, "जेनेरिक" म्हणजे नक्की काय?

पहिलीपायरी: मास्टर्सच्या स्कॉलरशिपसाठी एसओपी लिहितोय. एका सिनियरला दाखवलं, त्याने दोन्ही वेळा एकच शेरा मारून परत पाठवलं: "जेनेरिक आहे." आमच्या घरात मीच पहिला ग्रॅज्युएट, त्यामुळे घरी वाचायला द्यावं असं कोणी नाही. मी जे भोगलंय ते खरं आहे, मग ते जेनेरिक कसं? कोणाकडे चांगला नमुना असेल तर इथे टाका. आठ दिवस उरलेत, प्लीज लवकर.

शाईचाडाग: विषय कोणता? शब्दमर्यादा? स्कॉलरशिप मेरिटवर आहे की आर्थिक गरजेवर? यातलं काहीच सांगितलेलं नाही. आणि लिहिलंय ते दाखवा ना आधी.

रविवारची_झोप: एसओपीपेक्षा शिफारसपत्रांकडे बघा. माझ्या एका प्राध्यापकांनी पत्र शेवटच्या दिवशी रात्री अकराला अपलोड केलं, तोवर माझा जीव टांगणीला. आजच आठवण करा त्यांना.

पहिलीपायरी: शिफारसपत्रं झालीत हो. विषय सिव्हिल, पाणीपुरवठा. मर्यादा 600 शब्द. मेरिटवर आहे, उत्पन्नाचा दाखला वेगळा अपलोड करायचाय. सुरुवात अशी आहे:

"पाणी हे जीवन आहे. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत, आईवडील अशिक्षित असूनही, मी जिद्दीने शिक्षण पूर्ण केले. लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ आहे. आपल्या नामांकित विद्यापीठातील जागतिक दर्जाचे शिक्षण माझे हे स्वप्न साकार करेल."

कडूकारलं: यातला एक शब्द बदलला तर हेच नर्सिंगला चालेल, शेतकीलाही. आईवडील काढून टाका सरळ. मेरिटच्या अर्जात रडगाणं नको.

मेघमल्हार: अजिबात सहमत नाही! घरातला पहिला पदवीधर ही सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, पहिल्याच ओळीत हवी. माझं सिलेक्शन त्यावरच झालं.

कडूकारलं: त्यावरच झालं हे तुम्हाला कोणी सांगितलं? पॅनेलने?

शाईचाडाग: दोघंही जरा थांबा. मी काही वर्षं एका निवड समितीत असे अर्ज वाचलेत. एका बैठकीत शंभरेक. "प्रतिकूल परिस्थिती" निम्म्या अर्जांत असते, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून वेगळं काही कळत नाही. म्हणून ती गाळावी असं नाही. तिच्यामुळे शिक्षणात नेमकं काय वेगळं घडलं ते लिहावं.

पहिलीपायरी, दोन प्रश्नांची उत्तरं द्या. पदवीनंतर काय केलंत? आणि घरात विचारायला कोणी नसल्यामुळे कोणता निर्णय चुकला?

पहिलीपायरी: पदवीनंतर दोन वर्षं एका कंत्राटदाराकडे, पाणीगळती शोधायच्या कामावर. साधंच काम आहे, म्हणून लिहिलं नाही. चुकलेला निर्णय म्हणजे तिसऱ्या वर्षी इलेक्टिव्ह निवडताना मित्रांनी घेतलं तेच घेतलं, हायड्रॉलिक्सचा पेपर सोडला. त्याचं पुढे काय होतं हे सांगणारं कोणी नव्हतं. शिवाय चौथ्या सेमला एक बॅकलॉग आहे, तेव्हा रात्रपाळी करायचो. तो लपवू का?

शाईचाडाग: मार्कशीट लावणारच ना? मग लपणार कसा? दोन वाक्यं पुरेत: तेव्हा रात्रपाळी होती, ती सोडल्यावर गुण किती झाले. माफी मागू नका, समर्थनही नको. आता ते "साधं काम" सविस्तर सांगा.

पहिलीपायरी: एका झोनला चोवीस तास पाणी होतं. रात्री 2 ते 4 मध्ये लोक झोपलेले असतात, तेव्हा झोनच्या तोंडाशी असलेल्या मीटरवर प्रवाह बघायचा. दिवसभराची सरासरी ताशी 40 घनमीटर, आणि रात्रीसुद्धा 18. रात्री चालणारा कारखाना वगैरे तिथे काही नाही, म्हणजे त्यातलं बरंचसं गळतं. आम्ही रॉड लावून आवाज ऐकत चार गळत्या काढल्या, आकडा 13 वर आला. तीन महिन्यांनी परत 17. साहेब म्हणाले पाइप जुने आहेत. मी प्रेशर गेज लावून बघितलं तर रात्री वापर कमी झाला की दाब चांगलाच चढायचा. एक जागा बुजवली की दुसरी फुटायची. रात्री दाब कमी करायला हवा होता, पण व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, किती दाबावर ठेवायचा, हे मला काढता येईना. हायड्रॉलिक्स सोडलेलं ना.

मेघमल्हार: अहो मग हेच लिहा की!!

कडूकारलं: +1. हे जीवन, तळमळ, स्वप्न वगैरे कशाला लिहिलं होतं देवा.

शाईचाडाग: बघा, तुमचं उद्दिष्ट यातच आहे. जे काढता आलं नाही तेच शिकायला जायचंय. आता त्या कोर्सचा अभ्यासक्रम उघडा आणि पाइप नेटवर्कचं मॉडेलिंग कोणत्या विषयात आहे ते शोधा. त्या विषयाचं नाव लिहा, "जागतिक दर्जा" काढा. आणि असा विषय त्या कोर्समध्ये नसेलच, तर कोर्स चुकीचा निवडलाय. तेही आत्ताच कळलेलं बरं. घरातल्या पहिल्या पदवीधराची गोष्ट इलेक्टिव्हच्या वाक्यात आपोआप येते, वेगळा परिच्छेद नको.

धोपटमार्ग: शेवटी "शिक्षण घेऊन मायदेशी परतेन" हे ठळक लिहा. सगळ्याच स्कॉलरशिपना ते लागतं.

शाईचाडाग: सगळ्यांना नाही. चेव्हनिंगला लागतं, किमान 2 वर्षं परतायची अट आहे. इरॅस्मस मुंडुसला अशी अट नाही. ज्याचा अर्ज त्याचे नियम वाचायचे.

पहिलीपायरी: माझ्या नियमांत अट नाही, पण "मायदेशाला होणारा उपयोग स्पष्ट करा" असं आहे. खरं सांगू का, मला आधी तिथेच दोनतीन वर्षं नोकरी करायचीय. शैक्षणिक कर्ज आहे, धाकट्या बहिणीची फी आहे. हे लिहिलं तर अर्ज बाद होईल?

धोपटमार्ग: लिहू नका! मुलाखतीत बघता येईल.

कडूकारलं: आणि मुलाखतीत खोटं पकडलं गेलं की?

शाईचाडाग: कर्ज आणि फी नका लिहू, तो तुमचा खाजगी हिशेब आहे. पण "पहिली तीन वर्षं गळती नियंत्रणाच्या कामावर, जिथे हे रोज करतात तिथे" असं लिहायला हरकत नाही. त्यानंतर परत येऊन काय करणार हेही लागेल, आणि ते खरंच ठरलेलं असायला हवं. ते मी सांगू शकत नाही.

रविवारची_झोप: अवांतर: फॉण्ट कोणता ठेवायचा असतो? माझा पीडीएफ एका पोर्टलवर अर्धा कापला गेला होता.

पहिलीपायरी: काल रात्री परत लिहिलं. सुरुवात:

"चार गळत्या बुजवल्यानंतर आमच्या झोनचा रात्रीचा प्रवाह ताशी 18 वरून 13 घनमीटरवर आला, आणि तीन महिन्यांत पुन्हा 17 झाला. कारण रात्री वाढणारा दाब होता, हे मी मोजू शकलो. तो किती आणि कुठे कमी करावा, हे मला काढता आले नाही, कारण ज्या विषयात ते शिकवतात तो मी पदवीला सोडला होता. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि इलेक्टिव्ह कसे निवडतात हे विचारायला कोणी नव्हते. परत आल्यावर मी गळती नियंत्रणाची स्वतःची कंपनी काढून पाचशे शहरांचे पाणी वाचवेन."

मेघमल्हार: वा! अंगावर काटा आला.

कडूकारलं: पाचशे?

शाईचाडाग: पहिली चार वाक्यं ठेवा, हात लावू नका. पाचवं तुमचं वाटत नाही. परत आल्यावर पहिल्या वर्षी कोणत्या ऑफिसात, कोणाच्या हाताखाली बसलेले दिसता स्वतःला? तेवढंच लिहा.

पहिलीपायरी: तेच कळत नाहीये. त्याच झोनवर परत गेलो तर?