माणूस जात्याच चांगला की वाईट: मेन्शियस विरुद्ध शुन्झी

चिंचोका: प्राचीन चीनमधले हे दोन विचारवंत. मेन्शियस म्हणतो माणूस जात्याच चांगला, शुन्झी म्हणतो जात्याच वाईट. मग शुन्झीच्या राज्यात दंडुकाच चालणार ना? आणि मेन्शियसच्या राज्यात गुरुजींना काम काय?

रानवारा: दंडुकाच. शुन्झीचे शिष्य बघा ना, हान फेई आणि ली स्स. ली स्स पुढे छिन राज्यात मोठ्या पदाला चढला आणि इ.स.पू. २२१ मध्ये छिनने सगळा चीन कडक कायद्याच्या जोरावर एका छत्राखाली आणला. माणूस वाईट मानला की पुढचं ओघाने येतंच.

पारावरचा: शिष्यांचं पाप गुरूच्या माथी मारू नका. शुन्झी स्वतः छिनमध्ये जाऊन आला होता. तिथली शिस्त त्याने वाखाणली, पण कन्फ्यूशियसच्या परंपरेतले विद्वान तिथे नाहीत, ही उणीवही सुनावली. 'वाईट' म्हणजे त्याला काय म्हणायचंय? भुकेल्या माणसाला आधी आपण जेवावंसं वाटतं. वडीलधारा समोर असला की तो थांबतो, ते शिकवल्यामुळे. वाकडं लाकूड वाफवून, दाबून सरळ करावं लागतं, तसे गुरू आणि रीतिरिवाज माणसाला वळण लावतात. रस्त्यावरचा कोणीही यू राजासारखा संत होऊ शकतो, असंही तोच लिहितो. दंडुकेवाल्याला शाळा कशाला हवी असेल?

सातवी_ब: मी शिक्षिका आहे, मला शुन्झी पटतो. रांग मोडू नका हे रोज सांगावं लागतं. मेन्शियसने आमचा वर्ग पाहिला नव्हता!

पारावरचा: बाई, पोरं गुणी असतात असं तो म्हणतच नाही. विहिरीत पडणारं मूल दिसलं की कोणाचंही काळीज चरकतं, एवढाच अंकुर तो धरतो. रोपं लवकर वाढावीत म्हणून ती उपटून वर ओढणाऱ्या सोंग राज्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट त्याचीच. सगळी रोपं वाळली. म्हणजे गुरुजींना काम आहे, पण ओढाओढीचं नाही.

राज्यकारभारात तर तो जास्त कडक आहे. छी राज्याच्या श्वेन राजाने बळीला नेताना थरथरणारा बैल पाहिला आणि त्याच्याऐवजी मेंढी न्यायला सांगितली. मेन्शियस विचारतो, बैलापर्यंत पोचणारी दया रयतेपर्यंत का पोचत नाही? पोटापाण्याची सोय नसली की सामान्यांचं मन थाऱ्यावर राहत नाही. आधी त्यांना त्या अवस्थेत लोटायचं आणि गुन्हा केला की धरायचं, याला तो जाळं लावणं म्हणतो.

रानवारा: हान फेईचं उत्तर तरी वाचा. एक उनाड पोरगा आईबाप, शेजारी, गुरुजी कोणाचंच ऐकत नाही. सरकारी अंमलदार शिपाई घेऊन आला की मात्र सरळ होतो. जगात हेच दिसतं.

चिंचोका: माझा प्रश्न वेगळाच होऊन बसला. सगळेच वाईट, तर पहिल्या संतांना ते रीतिरिवाज सुचले कुठून?

पारावरचा: शुन्झी म्हणतो, कुंभार मडकं घडवतो, पण मडकं काही कुंभाराच्या स्वभावात नसतं. विचार आणि मेहनत साठवत साठवत संतांनी ते घडवले.

चिंचोका: पण मेहनत करावीशी वाटली, ते तरी कुठून आलं? मला नाही पटलं.