मदत हवी आहे: एलटी पॅनल शटडाऊनच्या मेथड स्टेटमेंटमध्ये कुलपं नेमकी कुठे कुठे?

पॅनल_चाकण: नमस्कार मंडळी. रविवारी मुख्य एलटी पॅनलचा शटडाऊन आहे. बसबारचे जॉइंट टाईट करणे, साफसफाई आणि मेगर. 11 केव्ही/433 व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर, त्याचा इनकमर एसीबी, दुसरा इनकमर डीजीचा, शिवाय एपीएफसी. छतावरचं सोलर एका आउटगोइंगवर येतं. मी "इनकमर ऑफ करून लॉक लावणे" एवढंच लिहिलं होतं, सेफ्टीने परत पाठवलं. काय सुटलंय?

सुनील_मेंटेनन्स: दोन्ही एसीबी रॅक आऊट करा, कुलूप लावा, झालं. सोलरची काळजी नको, ग्रिड गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो.

तारतंत्री: इन्व्हर्टर बंद होतो हे खरं, पण तो त्याच्या कंट्रोलच्या भरवशावर. मधे कुलूपबंद आयसोलेटर हवाच, त्यामुळे सोलरच्या एसी आयसोलेटरलाही कुलूप. आणि ट्रान्सफॉर्मरचा एसीबी रॅक आऊट केला तरी त्याची येणारी बाजू जिवंतच राहते. त्या बाजूचे जॉइंट टाईट करायचे असतील तर एचटी ब्रेकर उघडून, कुलूप लावून, अर्थ करावा लागेल. डीजीचा मोड स्विच ऑफवर ठेवून बॅटरीची केबलही काढा, नाहीतर सप्लाय गेला की एएमएफ त्याला सुरू करेल.

सगळ्यात जास्त सुटतं ते स्पेस हीटर आणि कंट्रोलचा सप्लाय. तो बहुतेकदा लायटिंग डीबीकडून येतो, म्हणजे बसबार मेलेला आणि टर्मिनल स्ट्रिपवर 230 व्होल्ट. ड्रॉइंगवर विसंबू नका, वायर प्रत्यक्ष शोधा. एपीएफसीचा फीडर बंद केल्यावर थांबा आणि टर्मिनलवर व्होल्टेज मोजूनच हात लावा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

रोहिणी_शिफ्ट: आमच्याकडे सगळ्या कुलपांच्या चाव्या सुपरवायझरच्या खिशात असतात. चालेल ना?

तारतंत्री: नाही, ताई. चाव्या लॉक बॉक्समध्ये ठेवा आणि त्या बॉक्सला प्रत्येक कामगाराचं स्वतःचं कुलूप हवं. त्याचं कुलूप निघाल्याशिवाय कुणालाच सप्लाय देता येऊ नये.

पॅनल_चाकण: टेस्टिंग कसं लिहू?

तारतंत्री: टेस्टर आधी जिवंत सप्लायवर तपासा, मग पॅनलवर दहा रीडिंग घ्या: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन, न्यूट्रल-अर्थ एक. नंतर टेस्टर पुन्हा जिवंत सप्लायवर. बॅटरी मधेच संपली असेल तर या शेवटच्या पायरीतच कळतं. मग बसबार अर्थ करा.

सुनील_मेंटेनन्स: पण अर्थ लावून मेगर कसा घेणार?

तारतंत्री: बरोबर मुद्दा. तेवढ्यापुरता अर्थ काढावा लागतो. परमिटवर वेगळी पायरी लिहा: माणसं बाजूला, अर्थ काढा, मेगर, डिस्चार्ज, अर्थ परत. एसपीडी आणि मीटर आधी सोडवा. रिस्क असेसमेंटमध्ये हीच पायरी स्वतंत्र ओळीत यायला हवी.

पॅनल_चाकण: डीजीचा एसीबी थ्री पोल आहे, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो लिंक काढून सोडवू का?

तारतंत्री: त्या डीजीवर दुसरं पॅनल चालतं का, आणि न्यूट्रल अर्थिंग कुठे आहे? सिंगल लाईन टाका, तोवर मी लिंक काढा म्हणणार नाही.